इंग्रजी बोलण्याचा ठेका पकडायचा असेल तर सात सेकंदांची क्लिप घ्या: लाजाळू माणसासाठी शॅडोइंग

माझी मावसबहीण भांडुपला राहते आणि मुलुंडच्या एका डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते. तिचं इंग्रजी ग्रामर पक्कं आहे, मेल माझ्यापेक्षा चांगले लिहिते, पण सुट्टीला आलेला अमेरिकेत वाढलेला एखादा पेशंट फोनवर असला की ती एक वाक्य बोलते आणि तिकडून "सॉरी?" येतं. मग ती तेच वाक्य अजून हळू, एकेक शब्द सुटा करून बोलते आणि परत "सॉरी?", की झालं, तिचा आवाजच बसतो आणि ती फोन दुसऱ्या मुलीकडे देते. मला म्हणाली, ताई माझे उच्चार खराब आहेत. मी तिला ते वाक्य माझ्यासमोर बोलायला लावलं. "द डॉक्टर इज फ्री अ‍ॅट अ क्वार्टर टू फाइव्ह." एकही उच्चार खराब नव्हता, पण द, इज, अ‍ॅट, अ, टू ह्या सगळ्या बारीक शब्दांना तिने डॉक्टरएवढंच वजन दिलं होतं. ऐकणाऱ्याला नऊ सारख्या विटा दिल्यासारखं, त्यातली महत्त्वाची कुठली ते त्याने शोधायचं.

मराठीत आपण साधारण प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रजीत तसं नाही, तिथे वाक्यातल्या चारपाच जागा लांब आणि स्पष्ट असतात आणि मधलं सगळं चेपून, अर्धवट बोललं जातं. ऐकणारा त्या चारपाच जागांवर कान लावून बसलेला असतो. भजनात जसं समेची वाट बघतो तसं. म्हणून हळू बोलून काही होत नाही, हळू बोललं की बारीक शब्द अजून मोठे होतात आणि ठेका पारच जातो.

हे सुधारायला शॅडोइंग म्हणजे सावलीसारखं बोलणं. क्लिप चालू आहे, बोलणारा थांबत नाही आणि तुम्ही त्याच्या किंचित मागे तेच बोलत जाता. क्लिप थांबवून मग रिपीट करणं वेगळं, त्यात मधल्या शांततेत आपला जुना ठेका परत घुसतो. शॅडोइंगमध्ये तेवढा वेळच मिळत नाही, हाच त्याचा फायदा. ही युक्ती मुळात भाषा शिकायला निघालेली नाही, १९५३ मध्ये कॉलिन चेरी नावाच्या ब्रिटिश संशोधकाने लक्ष कसं काम करतं ते बघायला लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडली आणि एका कानातलं मोठ्याने म्हणत जायला सांगितलं. पुढे दुभाष्यांच्या ट्रेनिंगमध्येही ती वापरली गेली आणि मग आपल्यासारख्या शिकणाऱ्यांपर्यंत आली.

आता कामाचं. आधी क्लिप.

क्लिप सात ते बारा सेकंदांची घ्या, जास्त नको. एकच माणूस बोलत असावा, मागे म्युझिक नसावं आणि तो वाचत नसावा, काहीतरी सांगत असावा. मुलाखती, पॉडकास्ट ह्यात असे तुकडे भरपूर मिळतात. बातम्या नकोत, न्यूजरीडर जवळजवळ प्रत्येक शब्दावर जोर देतो. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम हळू बोललेले कार्यक्रम असतात, व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ पासून असे केलेत, ते ऐकायला चांगले, पण ह्या कामाला नकोत कारण जे चेपलेलं ऐकायचं तेच तिथे सरळ करून ठेवलेलं असतं. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सहा मिनिटांचा कार्यक्रम मिळतो, सोबत लिहिलेला मजकूरही असतो, त्यातला गप्पांचा भाग घेतला तर चालतो. मजकूर हाताशी हवाच. आणि शब्द सगळे ओळखीचे हवेत, अर्थ शोधायला लागला की कान ठेक्यावरून सुटला.

बहिणीसाठी आम्ही घेतलेला तुकडा सात सेकंदांचा होता. एक बाई लहानपणची गोष्ट सांगत होती. वाक्य असं: सो आय वॉज स्टँडिंग अ‍ॅट द बस स्टॉप, अँड इट वॉज रेनिंग, अँड देअर वॉज अ मॅन विथ अ डॉग. वीस शब्द, एकही कठीण नाही, आणि वॉज तीनदा, अँड दोनदा, म्हणजे सरावाला हवा तोच माल.

क्लिप कापायची गरज नाही. VLC प्लेअरमध्ये A-B Repeat आहे, सुरुवात आणि शेवट लावला की तेवढंच फिरत राहतं. कॉम्प्युटर असेल तर Audacity मध्ये तेवढा भाग काढून शेवटी दोन सेकंद शांतता जोडून ठेवा, श्वास घ्यायला बरं पडतं. स्पीड कमी करायचा मोह होईल, फार तर 0.9 करा, त्याखाली नको. कारण स्लो केलं की चेपलेली अक्षरंही ताणली जातात आणि भरल्यासारखी वाटायला लागतात, म्हणजे तुम्ही चुकीची गोष्ट शिकता. स्पीड झेपत नसेल तर क्लिप छोटी करा.

पहिल्या दिवशी तोंड उघडायचंच नाही. लाजाळू माणसाला हा दिवस फार सोपा जातो आणि खरं सांगायचं तर सगळ्यात महत्त्वाचा हाच. मजकूर न बघता पाचसहा वेळा ऐका आणि जिथे आवाज लांबतो तिथे मांडीवर बोट आपटा. बहिणीला पहिल्यांदा नऊ जागा ऐकू आल्या, कारण ती कानाने नाही, स्पेलिंगने ऐकत होती. मी म्हटलं शब्द विसर, भिंतीपलीकडून शेजारी भांडतायत आणि शब्द कळत नाहीयेत असं समजून ऐक. मग पाच राहिल्या: स्टँ, बस, रे, मॅन, डॉग. त्या पाच शब्दांनीच सगळी गोष्ट कळते बघा. उभी, बस, पाऊस, माणूस, कुत्रा.

हे काम घरी करा, लोकलमध्ये नको. मला आधी वाटलं होतं की भांडुप ते मुलुंड काय, नाहूर सोडलं की आलंच, तेवढ्यात ऐकून होईल. पण गाडीच्या खडखडाटात नेमकी बारीक अक्षरंच बुडतात, फक्त जोराची ऐकू येतात, आणि आवाज वाढवला तर कानाचं नुकसान. गाडीत उजळणी करा, नवीन क्लिप नाही.

दुसऱ्या दिवशी तबल्यासारखे बोल. शब्द अजूनही नाहीत. जोराच्या जागेला धा, बाकी प्रत्येक अक्षराला त. आमचं वाक्य असं झालं:

त त त धा त त त धा त
त त त धा त
त त त त धा
त त धा

हे क्लिपसोबत गुणगुणायचं, तोंड बंद ठेवूनही जमतं. म्हणताना लगेच कळतं की दोन धांच्या मध्ये कधी दोन त आहेत, कधी तीन, कधी पाच, आणि तरी बाई अडखळत नाही. रेनिंगपासून मॅनपर्यंत पाच त आहेत, ते ती पटापट उरकते, आणि मॅनपासून डॉगपर्यंत दोनच आहेत तिथे निवांत असते. चेपायचं म्हणजे काय ते इथे हाताला लागतं. एक सांगते, घड्याळ लावून मोजलं तर दोन धांमधलं अंतर काही तंतोतंत सारखं नसतं, संशोधकांनी मोजून बघितलंय, तेव्हा मेट्रोनोम लावून बसू नका, यांत्रिक होतं. बाईचा आवाज हाच तुमचा ताल.

आणि धा म्हणजे ओरडणं नाही. ही चूक आपल्याकडे सगळे करतात, जोर म्हटलं की आवाज वाढवतात. इंग्रजी जोर मुख्यतः लांबीत आणि सुरात असतो, स्वर जरा ताणायचा, सूर थोडा हलवायचा. स्टँऽडिंग, रेऽनिंग. आवाज तेवढाच ठेवला तरी चालतो, म्हणून घरात माणसं झोपलेली असताना सुद्धा हे जमतं.

तिसऱ्या दिवशी शब्द, आणि इथे देवनागरी आपल्याला फसवते. आपण डोक्यात वॉज, अँड, अ‍ॅट, टू, फॉर असं लिहून ठेवलंय आणि तसंच म्हणतो. बोलण्यात वॉजचं होतं वझ, अ‍ॅटचं अट, टूचं नुसतं ट, फॉरचं फ किंवा फर. तो मधला स्वर आपला साधा अ आहे, कमळातल्या क मधला. म्हणजे नवीन काहीच शिकायचं नाही, तोंडाला तो अ जन्मापासून माहीत आहे. आणि अँडचं तर बघा, बहुतेक वेळा ते अन् होतं. आपण मराठीत आणि कुठे पूर्ण म्हणतो? चहा अन् खारी म्हणतो. अगदी तेच. बहिणीला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली आणि मग अन् तिच्या तोंडून जे सुटलं ते परत अँड झालंच नाही.

तर मजकूर एकदा बघा, कागदावर असं लिहा: सो आय वझ स्टँऽडिंग अट द बऽस स्टॉप, अन् इट वझ रेऽनिंग, अन् देर वझ अ मॅऽन, विथ अ डॉऽग. दोनदा वाचा आणि कागद उलटा ठेवा. समोर कागद ठेवून शॅडो केलं तर तुम्ही वाचत असता, ऐकत नसता.

आता एका कानात इअरफोन, दुसरा कान मोकळा, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू येतो. क्लिप लूपवर. बाई सुरू झाली की एखाद्या शब्दाने मागे राहून बोलायला लागा. ह्यातले तरबेज लोक पाव सेकंदावर चालतात, विल्यम मार्सलेन-विल्सनने १९७३ मध्ये असे लोक मोजले होते, पण ते विरळा, आपण अर्धा सेकंद ते एक सेकंद मागे असलो तरी छान. शब्द सुटला तर सोडून द्या. मागे वळून पकडायला जाऊ नका, पुढच्या धा वर उडी मारा. लोकल सुटली की पुढची पकडतो तसं. दहा फेऱ्या, मग एक मिनिट थांबा, परत दहा. एवढंच, बारा-पंधरा मिनिटांच्या वर गेलं की तोंड थकतं आणि जुनी सवय परत येते.

एक खूण लक्षात ठेवा. तुम्ही बाईच्या आधी बोलायला लागलात तर शॅडोइंग बंद झालंय, तुम्ही पाठांतर म्हणताय. बहिणीचं चौथ्या दिवशी तसं झालं, वाक्य पाठ झालं आणि ती बिनधास्त पुढे पळायला लागली, ठेका परत तिचा स्वतःचा. तेव्हा एक दिवस परत त आणि धा वर जायचं, शब्द काढून टाकायचे.

लाजेचं आता बोलते, कारण खरी अडचण तीच आहे. दहा बाय बाराची खोली, पाच माणसं, त्यात मोठ्याने इंग्रजी बोललं की धाकटा भाऊ नक्कल करणार. अलेक्झांडर अर्ग्वेयेस नावाच्या ज्या भाषातज्ज्ञाने शॅडोइंग लोकांमध्ये पसरवलं त्यांचं म्हणणं की मोकळ्यावर भराभर चालत, ताठ मानेने, मोठ्याने बोला. पहिल्याच दिवशी हे लाजाळू माणसाला सांगितलं तर तो परत यायचा नाही. पण शेवटी तिथे जावं लागतं, कारण कुजबुजीत ठेका येतो पण सूर येत नाही. कुजबुजताना स्वरतंतू कंपच पावत नाहीत, मग सूर कुठून येणार, आणि तास तास कुजबुजलं तर घसाही दुखतो. म्हणून कुजबुजण्यापेक्षा गुणगुणणं बरं, तोंड बंद ठेवून, त्यात सूर राहतो.

आम्ही असं केलं: दोन दिवस नुसतं गुणगुणणं, रात्री पंखा फुल ठेवून. मग बाथरूममध्ये नळ सोडायचा नाही, पाणी वाया जातं आणि आवाजात काही ऐकूही येत नाही, नुसतं दार लावून हळू आवाजात. आणि पाचव्या दिवसापासून सकाळी सहाला भांडुप पंपिंग स्टेशनकडच्या रस्त्याला चालत. तिथे सकाळी पक्षी बघणारे आणि चालणारे असतात, सगळे आपापल्या नादात. कानात इअरफोन आणि हातात फोन असला की बघणाऱ्याला वाटतं कॉल चालू आहे. मुंबईत रस्त्याने एकटं बोलत जाणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही, ह्याचा फायदा घ्या. शिवाजी पार्कचा कट्टा, वरळी सी फेस, तुमच्या बिल्डिंगची गच्ची, काहीही चालेल, फक्त चालताना ट्रॅफिकचा रस्ता नको, एक कान क्लिपमध्ये असतो.

सहाव्या दिवशी रेकॉर्डिंग. त्याआधी नको, आधी ऐकलं की माणूस खचतो. रेकॉर्ड दुसऱ्या फोनवर करा. एकाच फोनवर ब्लूटूथ इअरफोन लावून रेकॉर्ड केलं तर बऱ्याचदा इअरफोन कॉलच्या मोडमध्ये जातात आणि क्लिपचा आवाज फोनवरच्यासारखा चपटा होतो. आईचा फोन मागून घ्या, टेबलावर ठेवा, आणि तीन फेऱ्या करून तिसरी ऐका.

ऐकताना छान का वाईट असं ऐकू नका, दोनच गोष्टी तपासा. एक, तुमचे सेकंद किती. बाईचे सात होते, बहिणीचे एकटीने बोलताना नऊ. हे दोन सेकंद कुठे गेले ते शोधायचं, आणि ते जवळजवळ नेहमी बारीक शब्दांत गेलेले असतात. तिचे अ‍ॅट द आणि देअर वॉज अ ह्यात गेले होते. दोन, धा लांब आहे का. ह्यात उलटी चूकही होते, वेळ भरून काढायला माणूस सगळंच पळवतो, धा पण छोटा करतो, आणि मग सात सेकंद होतात पण समोरच्याला आधीपेक्षा कमी कळतं. तेव्हा उपाय उलटा: धा अजून लांब करा, अगदी नाटकी वाटेल इतका. धा लांब केला की बारीक अक्षरं आपोआप चेपली जातात, त्यांना जागाच उरत नाही. सरळ चेपायला गेलं की ती गिळली जातात आणि वॉज नाहीसाच होतो.

आता ज्यासाठी एवढं केलं ते. क्लिप बंद करून तेच वाक्य बोला, मग त्याच साच्यात स्वतःचं वाक्य घाला. सो आय वझ सिऽटिंग इन द ट्रेऽन, अन् इट वझ क्राऽउडेड, अन् देर वझ अ किऽड, विथ अ बॉऽल. हे केलं नाही तर ठेका त्या एका वाक्यापुरताच राहतो. शॅडोइंगची ही मर्यादा आहे, काय बोलायचं ते ते शिकवत नाही आणि समोरच्याला उत्तर द्यायची सवयही लावत नाही. सुटे उच्चारही त्याने फारसे बदलत नाहीत, व्ही आणि डब्ल्यूचा घोटाळा असेल तर तो वेगळा सोडवावा लागतो.

मग आम्ही तिचं क्लिनिकचं वाक्य घेतलं. द डॉऽक्टर इझ फ्रीऽ अट अ क्वॉऽर्टर ट फाऽइव्ह. बोलात लिहून बघा:

त धा त त धा त त धा त त धा

तिनेच ओळखलं, म्हणाली हे तर दादऱ्यासारखं तीन तीनमध्ये जातंय. तिचे बाबा लोकलच्या भजनात टाळ वाजवायचे, ताल तिच्या कानात आधीपासूनच आहे, इंग्रजीला लावायचा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिने ते वाक्य बोट आपटत वीस वेळा म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर म्हटलं. "सॉरी?" आलं नाही, "ओके, क्वॉर्टर टू फाइव्ह" आलं.

एका क्लिपला सहा दिवस, मग दुसरी. दुसरी क्लिप निवडताना कॅन असलेली घ्या, फोनवर काम करणाऱ्यांनी तर नक्कीच. कारण कॅन पण बारीक शब्द आहे, बोलताना तो कन होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो: यू कन कऽम टुमॉऽरो. आणि नाही म्हणायचं असेल तेव्हा कॅन्ट ह्या नकाराच्या शब्दावर पूर्ण जोर, अमेरिकन माणूस त्याचा शेवटचा ट जवळजवळ गिळतो, त्यामुळे तो ट ऐकून नाही तर जोर ऐकून होय का नाही ठरवतो. आपण यू कॅऽन कम टुमॉरो म्हटलं की त्याला ऐकू येतं उद्या येऊ नका. बहिणीच्या क्लिनिकमध्ये एक पेशंट असाच आला नव्हता आणि कोणालाच कळलं नव्हतं का. सध्या तिचा तोच तुकडा चालू आहे, नऊ सेकंदांचा, आज तिसरा दिवस.